बैठकीतला पसारा आणि चौदा नियमांची चिठ्ठी

"मॅडम, आम्ही परभणीला राहतो. घरात सात माणसं आणि बैठकीची खोली एक. कुणीही यावं, काहीही टाकावं आणि जावं, असं झालंय. बोलून बोलून माझं तोंड दुखलं. आता साधे चार नियम लिहून घरच्यांना द्यावेत म्हणते. फॅमिली ग्रुपवर टाकू का? भांडण होईल का?"

टाकू नका. निदान आज तरी नको. का, ते एका घराच्या गोष्टीवरून सांगते. नावगाव ओळखू येणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

लातूरच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना शोभा म्हणू. आल्या झोप लागत नाही म्हणून, पण दहाव्या मिनिटाला पर्समधून चार घड्या घातलेला कागद निघाला. त्यावर घरच्यांसाठी चौदा नियम होते. पहिली ओळ होती, "हे घर आहे, धर्मशाळा नाही." तिसरा नियम होता, "ज्यांना दिवाणावर कपडे फेकायची सवय आहे त्यांनी ती सोडावी." चौदावा, नियम मोडला की दहा रुपये दंड. कागद तीन आठवडे पर्समध्येच होता. द्यायचा धीर होत नव्हता, आणि तो धीर झाला नाही हे बरंच झालं.

मी त्यांना म्हटलं, "हा कागद मोठ्यानं वाचा. पण तुम्ही म्हणून नको, तुमच्या सासूबाई म्हणून वाचा." तिसऱ्या नियमापर्यंत त्या पोचल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "आत्याबाईंना वाटंल, हे सगळं मलाच लिवलंय." मग हळूच म्हणाल्या, "मामांनाबी तसंच वाटंल." सगळ्यांसाठी म्हणून लिहिलेल्या चिठ्ठीचं हे असंच होतं. ज्यानं मनाला लावून घ्यायला नको तो लावून घेतो आणि ज्याच्यासाठी ती लिहिलेली असते तो अंगठा दाखवून पुढच्या मेसेजकडे जातो. ग्रुपवर तर अजूनच. शिवाय तुमच्या सासऱ्यांकडं साधा फोन असेल, तर त्यांच्या घराचे नियम त्यांना नातवाकडून कळणार.

चिठ्ठी बाजूला ठेवून मी त्यांना आठ दिवसांचं एक काम दिलं. रोज रात्री साडेनऊला बैठकीत उभं राहायचं आणि जे पडलेलं दिसेल ते वहीत लिहायचं. कुणाचं आहे ते लिहायचं नाही. त्याऐवजी प्रत्येक वस्तूपुढं एकच गोष्ट लिहायची: या वस्तूला घरात ठरलेली जागा आहे का? उचलायचं काहीच नाही. हे उचलायचं नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यावरून झोप का लागत नाही ते मला कळलं, पण तो विषय वेगळा.

वहीत तेवीस प्रकारच्या वस्तू आल्या. त्यातल्या चौदांना जागाच नव्हती. मुलीची क्लासची बॅग, कारण आतल्या खोलीत कपाट एकच आणि ते भरलेलं. दिराचं हेल्मेट. तीन चार्जर. सासऱ्यांचा चष्मा, बीपीच्या गोळ्या, अडकित्ता आणि पानाची चंची. भिंतीला लागून सोयाबीनचे पाच कट्टे, भाव चढेल म्हणून थांबलेले. आणि कोपऱ्यात पाण्यानं भरलेल्या तीन घागरी आणि एक पिंप.

म्हणजे "इथं ठेवू नका" हा नियम ज्यांना लागू करायचा, त्यांच्या वस्तूंना "तिथं ठेवा" म्हणायला घरात जागाच नव्हती. असा नियम पाळायची इच्छा असलेल्या माणसालाही पाळता येत नाही. तो बॅग उचलतो, घरभर फिरतो आणि परत तिथंच ठेवतो. आपल्याला मात्र तो मुद्दाम करतोय असं वाटतं.

वहीतून दुसरीही एक गोष्ट निघाली, आणि ती सांगताना शोभाताई ओशाळून हसल्या. सगळ्यात मोठा ढीग त्यांचाच होता. शाळेतून आल्यावर त्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढून दिवाणावर टाकायच्या, नंतर घड्या घालू म्हणून. ती "नंतर"ची वेळ रात्री अकराला यायची. दिवाणावर आधीच ढीग आहे म्हटल्यावर टॉवेल, शर्ट, दप्तर त्यावर टाकायला कुणालाच काही वाटत नव्हतं. पसारा पसाऱ्याला बोलावतो.

मग आधी जागा केल्या. दाराच्या मागं सहा खुंट्या ठोकल्या. सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर एक तबक ठेवलं, चष्मा, गोळ्या, चंची सगळं त्यात. चार्जरसाठी झाकणाचा डबा. खर्च पाचशेच्या आतबाहेर. इतकं केल्यावर एकही नियम न लिहिता निम्मी बैठक मोकळी झाली.

घागरींचं मात्र सोपं नव्हतं. मूळ चिठ्ठीत सहावा नियम होता, "पाण्याची भांडी हॉलमध्ये नकोत." मी विचारलं, या घागरी तिथं कधीपासून आहेत? शोभाताईंनी आठवून सांगितलं, २०१६च्या उन्हाळ्यापासून. त्या साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. आत्याबाईंनी त्या उन्हाळ्यात टँकरपुढं रांगा लावल्या होत्या. आजही नळाला रोज पाणी येत नाही, आणि डोळ्यांसमोर भरलेली घागर नसली की त्यांना चैन पडत नाही. पाहुण्यांना तो पसारा दिसतो, पण त्यांच्यासाठी ती घरातली शिल्लक आहे. नियम करून ती हलवली असती तर कोपरा मोकळा झाला असता आणि सासूबाई सहा महिने बोलल्या नसत्या.

म्हणून मोठ्यांना कागद द्यायचाच नाही, असं आम्ही ठरवलं. आपल्याकडं सुनेनं सासू-सासऱ्यांना लिहून देणं म्हणजे नोटीस देणं. त्यांच्याशी आधी तोंडीच बोलायचं, तेही चहा देताना आणि एकेकट्याशी. आत्याबाईंशी बोलून ठरलं की एक घागर बैठकीतच राहील, दोन आणि पिंप जिन्याखाली जातील. "पण झाकून ठेवायची, आन् रिकामी दिसली तर मी परत आणीन," या अटीवर. अट रास्त होती.

चिठ्ठीचा कच्चा मसुदा शोभाताईंनी सासऱ्यांनाच दाखवला. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि दोन दुरुस्त्या केल्या. "नऊ वाजता" खोडून "बातम्या संपल्यावर, साडेनऊला" केलं. वर "नियम" लिहिलं होतं, ते खोडून "ठरलं ते" लिहिलं. "नियम म्हणलं की पोरं मोडायलेत," म्हणाले. मग रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनीच ती सगळ्यांना वाचून दाखवली. ती अशी:

"घरातल्या सगळ्यांना. शाळेतून आल्यावर मला पाच मिनिटं दिवाणावर टेकावं वाटतं आणि जागा नसते, म्हणून हे सुचवते. कपड्यांचा ढीग मीच घालत होते. आजपासून तो आतल्या खाटेवर.

ठरलं ते:
१. बॅग, दप्तर, हेल्मेट दाराच्या मागच्या खुंटीला.
२. कप, ताट ज्यानं आणलं त्यानंच मोरीत नेऊन ठेवायचं.
३. बातम्या संपल्यावर, साडेनऊला, दहा मिनिटं सगळ्यांनी आपापलं उचलायचं.
४. बेवारस वस्तू टोपलीत. टोपली रविवारी रिकामी.

मामांचं तबक आणि आत्याबाईंची घागर आहे तिथंच. सोयाबीनचे कट्टे संक्रांतीपर्यंत. पंधरा दिवस करून बघू, मग परत बसू. काही खटकलं तर खाली लिहा, पेन दोऱ्यानं बांधलंय."

चौदाचे चार झाले, दंड गेला. प्रत्येक ओळीत काय उचलायचं आणि कुठं ठेवायचं ते आहे. "नीटनेटकं ठेवा" असं कुठंच नाही, कारण नीटनेटकं म्हणजे किती, यावरच तर घरोघरी भांडणं होतात. सुरुवात स्वतःच्या चुकीपासून आहे. सवलती उघड लिहिल्या आहेत, त्यामुळं "आजोबांचं चालतं, आमचं का नाही" याला उत्तर आधीच तयार होतं.

आठ दिवस छान गेले. दहाव्या दिवशी शोभाताईंचा फोन आला: साडेनऊला मी एकटीच उचलतेय, बाकीचे नुसते पाय वर घेतायत. हे पाय वर घेणं लक्षात ठेवा. ठरलेलं परत एकाच बाईच्या अंगावर आल्याची ती खूण आहे. मी सांगितलं, उचलू नका, बोलूही नका, खुर्चीत बसा. आणि वेळ झाल्याची हाक तुम्ही देऊ नका. हाक देण्याचं काम तिसरीतल्या मुलाला दिलं. तो "साडेनऊऽऽ" असं ओरडून टीव्ही बंद करायचा आणि आजोबा त्याची बाजू घ्यायचे. आईनं सांगितलं की ती कटकट असते. तेच पोरानं ओरडून सांगितलं की घराला हसू येतं.

पंधरा दिवसांनी ते परत बसले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. टोपली फसली होती. ती दुसरा ढीगच झाली होती, रविवार कुणाचा ते ठरलं नव्हतं. ती काढून टाकली. दिराची ड्यूटी रात्रीची, तो साडेनऊला घरी नसायचाच. त्यानं सकाळी दिवाण आणि सतरंजी झटकायचं कबूल केलं. कट्टे संक्रांतीला हललेच नाहीत. शोभाताईंच्या नवऱ्यानं फेब्रुवारीत विकले, तेही भाव पडल्यावर. तोवर त्यावर सतरंजी टाकून बसायला जागा केली होती.

एक सावधगिरी. कप जागेवर नाही म्हणून जिथं बाईवर हात उगारला जातो, तिथं पसारा हे कारण नसतंच. त्या घरात चिठ्ठीनं काही होत नाही, धोका मात्र वाढू शकतो. तिथं १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

तुमच्या घरी सोयाबीनचे कट्टे नसतील, दुसरं काही असेल. आठ रात्री वही घेऊन उभ्या राहा आणि मला ती यादी पाठवा, चिठ्ठी आपण नंतर लिहू.

शोभाताईंचा कागद अजून बैठकीच्या दारामागं आहे. चौथी ओळ खोडलेली. तिच्याखाली आत्याबाईंनी नातवाकडून पाचवी लिहून घेतली आहे: "नळ आला की पाणी भरू लागायला सगळ्यांनी उठायचं."