पट्टीवर ट्रेस, चोवीस तासांत साडेचार ग्रॅम: मायलोमा आणि बीएमएलटीनंतरची वाट

मॅडम, मी बीएमएलटी सेकंड इयरला आहे, साताऱ्याला. माझ्या मामांना मायलोमा निघालाय, किडनीपण खराब झालीय आणि मणक्यात फ्रॅक्चर आहे. डॉक्टर म्हणाले ॲंटिबॉडीमुळे झालं. पण ॲंटिबॉडी तर आपलं रक्षण करतात ना, मग त्या किडनी आणि हाडं कशी खातात? आणि मला याच आजाराच्या लाइनमध्ये काम करायचंय तर पुढे हिस्टोपॅथॉलॉजी घेऊ की बायोकेमिस्ट्री?

हे बघ, मी बायोकेमिस्ट्री म्हणेन, पण का ते आजार समजल्याशिवाय कळणार नाही, म्हणून आधी तेच.

प्लाझ्मा सेल ही बोनमॅरोमध्ये राहणारी पेशी, तिचं काम एकच, ॲंटिबॉडी बनवून रक्तात सोडणं. निरोगी माणसात अशा पेशींचे हजारो वेगवेगळे गट असतात आणि प्रत्येकाची ॲंटिबॉडी वेगळी. मायलोमा हा याच पेशींचा कॅन्सर, त्यात यातली एकच पेशी बेफाम वाढते आणि तिची सगळी पिल्लं तीच एक ॲंटिबॉडी बनवत बसतात, जी कुठल्याच जंतूविरुद्ध कामाची नसते. त्यात बाकीच्या चांगल्या प्लाझ्मा सेल दबल्या जातात, म्हणून पेशंटला इन्फेक्शन सारखी होतात.

आता किडनी. ॲंटिबॉडीत दोन हेवी चेन आणि दोन लाइट चेन असतात, लाइट चेन कॅपा किंवा लॅम्डा. बऱ्याच मायलोमा पेशी लाइट चेन गरजेपेक्षा जास्त बनवतात आणि काही तर फक्त लाइट चेनच बनवतात, हेवी चेन नाहीच. अख्खी ॲंटिबॉडी मोठी असते, ती किडनीच्या गाळणीतून सहसा जात नाही, पण सुटी लाइट चेन छोटी, आरामात खाली उतरते. पुढच्या नळीतल्या पेशी थोडी लाइट चेन परत शोषून घेतात, रोज ग्रॅमच्या हिशोबात यायला लागली की त्यांचीच वाट लागते. उरलेली आणखी खाली जाते, तिथे किडनी स्वतःच युरोमोड्युलिन नावाचं प्रोटीन सोडत असते, त्याला ही चिकटते आणि घट्ट साचे तयार होतात, म्हणजे कास्ट. नळी तुंबते, आजूबाजूला सूज येते, क्रिएटिनिन चढायला लागतं. पाणी कमी प्यायलेलं असलं किंवा पाठदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या चालू असल्या की हे आणखी लवकर होतं. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) पाठदुखी हीच बऱ्याचदा या आजाराची सुरुवात असते, त्यामुळे त्या गोळ्या अनेकांनी आधीच खाल्लेल्या असतात.

हाडांचं मात्र वेगळं आहे, आणि इथे परीक्षेतपण पोरं चुकतात. हाडं खाणारी मुळात ॲंटिबॉडी नाहीच. मायलोमाची पेशी मॅरोमध्ये बसून सिग्नल पाठवते, रॅंक लिगॅंड नावाचं प्रोटीन वाढतं आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट जाग्या होतात, त्याच वेळी डीकेके-१ सारखे पदार्थ हाड भरणाऱ्या ऑस्टिओब्लास्टला गप्प करतात. खोदाई चालू आणि भराई बंद. म्हणूनच साध्या बोन स्कॅनमध्ये हे खड्डे बऱ्याचदा दिसत नाहीत, तो स्कॅन भराई दाखवतो ना, आणि अल्कलाइन फॉस्फेटेजपण बहुधा नॉर्मलच येतं. पुरावा हवा तर काही थोड्या पेशंटमध्ये मायलोमा पेशी ॲंटिबॉडी रक्तात सोडतच नाहीत, तरी त्यांची हाडं पोखरली जातात.

दोन्हींना जोडतं ते कॅल्शियम. हाडातून सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं, त्याने लघवी जास्त होते, पाणी कमी पडतं, आणि सुकलेल्या किडनीत कास्ट अजून पटापट बसतात.

आता तुझ्या बाकावर हे कसं येतं ते बघ. समज, ५८ वर्षांचे काका, पाठ दुखतेय, थकवा. हिमोग्लोबिन ८.९, क्रिएटिनिन ३.२, कॅल्शियम ११.८. लघवीची पट्टी: प्रोटीन ट्रेस. टोटल प्रोटीन ५.९, अल्ब्युमिन ४.१, म्हणजे ग्लोब्युलिन १.८. सगळ्यांच्या डोक्यात असतं की मायलोमात ग्लोब्युलिन वाढतं, मग इथे कमी दिसलं की लोक मायलोमा सोडून देतात. पण हा लाइट चेनवाला प्रकार आहे, लाइट चेन लघवीतून निघून जातेय आणि नॉर्मल ॲंटिबॉडी दबलेल्या आहेत, म्हणून ग्लोब्युलिन उलट खाली.

पट्टीचं काय तर ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, लाइट चेन तिला जवळपास दिसतच नाही. त्याच लघवीत सल्फोसॅलिसिलिक ॲसिड टाकलं तर भरपूर गढूळ होते, आणि चोवीस तासांचं प्रोटीन निघतं ४.५ ग्रॅम. पट्टी ट्रेस म्हणते आणि मोजणी साडेचार ग्रॅम, हा फरक ज्याला खटकला त्याने केस पकडली. लंडनच्या बेन्स जोन्स यांनी १८४०च्या दशकात अशाच पेशंटच्या लघवीत पाहिलं होतं की गरम केल्यावर साका बसतो, उकळल्यावर विरघळतो, थंड झाल्यावर परत येतो. आता ती टेस्ट भरवशाची मानत नाहीत, पण प्रोटीन तेच.

पुढे सीरम इलेक्ट्रोफोरेसिस: इथे ठळक स्पाइक दिसेलच असं नाही, गॅमा भाग नुसता फिका दिसेल, म्हणून इम्युनोफिक्सेशन आणि फ्री लाइट चेन दोन्ही लागतात. समज कॅपा आली ४२०० आणि लॅम्डा १२ मिलिग्रॅम प्रति लिटर, रेशो ३५०, जेव्हा नॉर्मल ०.२६ ते १.६५ असतो (किडनी बिघडलेली असेल तर वरची मर्यादा थोडी जास्त धरतात, पण ३५० कशातच बसत नाही). इथे एक फसगत लक्षात ठेव. लाइट चेन खूपच जास्त असली की मशीनमधलं रिएजंट कमी पडतं आणि आकडा खोटा कमी येतो, तेव्हा सॅम्पल डायल्यूट करून परत चालवावं लागतं. आकडा बाकीच्या चित्राशी जुळत नाही हे कळायला टेक्निशियनच लागतो.

निदान तू लिहायचं नाहीस, ते पॅथॉलॉजिस्ट आणि हिमॅटॉलॉजिस्टचं काम, मॅरोत १० टक्के किंवा जास्त क्लोनल प्लाझ्मा सेल वगैरे ते बघतील. पण "ग्लोब्युलिन कमी, पट्टी आणि प्रोटीन जुळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस सुचवावं का" एवढं सिनियरला सांगणं तुझंच, आणि लवकर सांगितलंस तर फरक पडतो कारण लाइट चेन औषधांनी पटकन खाली आणली तर किडनी सावरायची शक्यता बरीच वाढते.

हिस्टोपॅथॉलॉजी वाईट नाही, मॅरो बायोप्सी आणि प्लाझ्मा सेल ओळखणारे सीडी-१३८ चे स्टेन तिथेच होतात, पण तिथे केस येते तेव्हा कुणाला तरी शंका आलेली असते. शंका जिथे यायला हवी ती जागा बायोकेमिस्ट्री. तर बीएमएलटीनंतर क्लिनिकल किंवा मेडिकल बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी बघ, आणि इंटर्नशिप जिथे इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन लॅबमध्येच होतं तिथे घे. अर्ज करताना सरळ विचार: जेल आहे की कॅपिलरी, फ्री लाइट चेन इथेच चालवता की बाहेर पाठवता, फ्लो सायटोमेट्री आहे का. तालुक्याच्या बऱ्याच लॅब सॅम्पल मुंबई-पुण्याला पाठवतात, तिथे तुला यातलं फक्त पॅकिंग शिकायला मिळेल, तेव्हा निदान इंटर्नशिपपुरतं तरी साताऱ्याबाहेर पड.

मामांसाठी एकच, पाठदुखीची गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका आणि पाणी किती प्यायचं ते त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा, सूज असेल किंवा लघवी कमी होत असेल तर हिशोब वेगळा असतो.