‘तब्बल 56 अंश’: मथळा सरळ करताना कोणते शब्द काढावेत आणि कोणते ठेवावेत

प्रश्न : “‘नागपूरकरांनो सावधान! पारा तब्बल 56 अंशांवर, आकडा पाहून तज्ज्ञही हादरले’ अशा धाटणीचा मथळा सरळ आणि अचूक करायला घेतला की तो कोरडा होतो आणि कोणी वाचत नाही. दोन्ही कसे साधावे?”

आपण घेतलेला आकडा नागपूरकरांच्या चांगल्याच लक्षात आहे. 30 मे 2024 रोजी, ऐन नवतप्यात, रामदासपेठेतील कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या शेतात असलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस दाखवले. त्याच दिवशी सोनेगावच्या स्वयंचलित केंद्राने 54 अंश दाखवले, तर कापूस संशोधन संस्थेच्या शेतातील आणि रामटेकच्या केंद्रांत आकडा 44 अंशांच्या आसपास होता. संवेदकात बिघाड झाल्यामुळे हे अवास्तव आकडे आले, असे हवामान विभागाने पुढे स्पष्ट केले. ही हकिगत समोर ठेवून आपल्या मथळ्याचा एकेक शब्द पाहू.

‘पारा’ हा शब्द सर्वांत निरुपद्रवी वाटतो, आणि एरवी तो तसा आहेही. थर्मामीटरमधला पारा चढतो, म्हणून तापमान वाढले की आपण पारा चढला म्हणतो, आणि कोणाचा राग वाढला तरी हेच म्हणतो. येथे मात्र सगळी मेख अशी आहे की त्या केंद्रात पारा नव्हताच. तेथे विद्युत संवेदक होता आणि बिघडला तो संवेदकच. जी वस्तू त्या जागी नाही तिचे नाव घेतल्यामुळे, जणू कोणीतरी नळीतली रेघ डोळ्यांनी पाहून आकडा लिहून घेतला, असे चित्र वाचकाच्या मनात उभे राहते आणि आकड्यावर शंका घ्यायला जागाच उरत नाही. एरवी उन्हाळ्याच्या बातमीत मी ‘पारा’ आनंदाने वापरीन, पण यंत्राच्या बिघाडाच्या बातमीत तो वापरणार नाही.

दुसरा शब्द ‘तब्बल’. तब्बल, चक्क आणि अवघा हे शब्द आकड्याला चिकटले की त्याविषयीचे लिहिणाऱ्याचे मत सांगतात. ‘तब्बल’ म्हणजे आकडा मोठा आहे, आणि त्याच्याच पोटात ‘आणि तो खरा आहे’ हेही येते. ‘तब्बल 56 अंश, पण चुकीचे’ असे म्हणून पाहावे, जीभ अडखळते. आकडा सिद्ध झालेला असेल तर या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, कारण पाच वर्षांत न झालेला पाऊस एका रात्रीत पडला तर तो तब्बलच असतो. आकड्याचीच शहानिशा व्हायची असेल तेव्हा मात्र हा शब्द खोट्या साक्षीदारासारखा वागतो.

‘तज्ज्ञही हादरले’ यातला तज्ज्ञ कोण, हे बातमीत शोधून पाहावे. तो सापडत नाही. सापडला, तर त्याचे नाव आणि म्हणणे मथळ्यात हादरण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. हे शब्द कापले तर बातमीतले काहीच कमी होत नाही.

आता खरी अडचण येते. एवढे कापल्यावर सावध उपसंपादक बहुधा लिहितो : ‘तापमानाच्या नोंदींमध्ये तफावत’. यात खोटे काहीच नाही, आणि कोणी वाचणारही नाही, कारण कोणते गाव, कोणता आकडा आणि कितीची तफावत हे सगळे त्याने झाकून ठेवले आहे. गंमत अशी की आपल्या मूळ मथळ्यानेही नेमके तेच केले होते, म्हणजे सर्वांत वाचनीय तथ्य लपवले होते; फरक एवढाच की एकाने ते आरोळीआड लपवले आणि दुसऱ्याने गुळमुळीतपणाआड. मग सर्वांत वाचनीय तथ्य कोणते? माझ्या मते ते 56 नसून 56 आणि 44 यांची एकाच दिवशीची जोडी आहे. ज्याने मे महिन्यात नागपुरात दुपार काढली आहे त्याला 44 अंश म्हणजे काय हे अंगाने ठाऊक असते, त्यामुळे त्याच्या शेजारी 56 ठेवले की ‘हे कसे?’ असा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. म्हणून पहिल्या दिवशीचा माझा मथळा असा असता :

नागपुरात एका केंद्रात 56 अंशांची नोंद, दुसऱ्यात 44. आकड्यांची शहानिशा बाकी

यात ‘नोंद’ हा शब्द सर्वांत जास्त काम करतो. ‘नागपूरचे तापमान 56 अंश’ हे हवेविषयीचे विधान आहे आणि ‘56 अंशांची नोंद’ हे यंत्राविषयीचे. पहिले खोटे ठरू शकते, तर दुसरे संवेदक बिघडलेला असला तरी खरेच राहते. ‘शहानिशा बाकी’ ऐवजी ‘तपासणी सुरू’ लिहायचे असेल, तर ती सुरू झाल्याचे कोणीतरी अधिकृतपणे सांगितलेले हवे. सोनेगावचे 54 मी मथळ्यात घेतले नाही, कारण तीन आकडे एका ओळीत वाचकाला पेलत नाहीत. मात्र बातमीच्या पहिल्याच वाक्यात ते आले पाहिजे, अन्यथा एकच यंत्र वेडेवाकडे वागले असा समज होईल.

येथे काही जण प्रश्नचिन्हाचा आडोसा घेतात : ‘नागपुरात 56 अंश?’. तो मला पसंत नाही, कारण दावा तर वाचकाच्या कानावर पडतो, पण त्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. ‘कथित 56 अंश’ हेही बसत नाही. कथित आरोप असतो, कारण तो कोणीतरी केलेला असतो. यंत्र काही कथन करत नाही. ‘56 अंश म्हणे’ यात तर कुचेष्टाच आली, आणि पहिल्या दिवशी कुचेष्टा करण्याइतकीही माहिती कोणाजवळ नव्हती.

तरीही शंका घ्यायला आधार होता. भारतातील नोंदलेले सर्वोच्च तापमान राजस्थानातील फलोदीचे 51 अंश आहे, तेही 2016 चे, आणि जगाचा मान्य उच्चांक डेथ व्हॅलीचा 56.7 अंश, 1913 चा. नागपूरने एका दुपारी देशाचा उच्चांक पाच अंशांनी मोडून जगाच्या उच्चांकाच्या जवळ पोहोचायचे, हे ऐकल्यावर मथळा लिहिणाऱ्याचा हात थांबायलाच हवा. हीच तुलना बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात दिली, तर वाचक तेथपर्यंत नक्की येतो.

मथळा तयार झाला की मी एक चाचणी घेतो. बातमी न उघडता केवळ मथळा वाचलेला माणूस नागपुरातल्या बर्डीवर चहा पिताना शेजाऱ्याला काय सांगेल, याची कल्पना करतो. आपला मूळ मथळा वाचून तो ‘आज छप्पन झालं म्हणे’ असे सांगेल, आणि ते चूक आहे. माझा मथळा वाचून तो ‘एक यंत्र छप्पन दाखवतंय आणि दुसरं चव्वेचाळीस, काहीतरी गडबड आहे’ असे सांगेल, आणि त्या दिवशी एवढेच खरे होते.

खुलासा आल्यावर मात्र ‘शहानिशा बाकी’ हे शब्द शिळे होतात, आणि मथळा बदलावाच लागतो :

नागपूरचे ‘56 अंश’ संवेदकातील बिघाडामुळे : हवामान विभाग

यातील एकेरी अवतरणचिन्हे सांगतात की हा आकडा आता आमचा नाही, आणि विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतरचे नाव सांगते की हे म्हणणे कोणाचे आहे. ही टिंबे विसरली, तर बिघाडाचा निर्णय आपणच दिला असे होते.