सीपीआर मराठीत मोजताना: दहा, वीस, तीस

प्रश्न: "व्हिडिओ बघून सोसायटीत सीपीआरचा सराव केला. मराठीत एक ते तीस मोजताना अठरा-एकोणीसनंतर सगळ्यांचाच ताल बिघडतो. इंग्रजीतच मोजायचं का? आणि घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहील असं काही आहे का?"

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती तालात दाबत राहणं. हा ताल तुमच्या हातांमुळे बिघडत नाही, आकड्यांमुळे बिघडतो. एक, दोन, तीन, चार हे एकेका ठोक्यात तोंडातून निघतात. 'एकोणीस', 'अठ्ठावीस', 'एकोणतीस' यांना तीन-तीन ठोके लागतात. जीभ अडखळली की हात तिच्यासाठी थांबतात. मी चौदा वर्षं प्रथमोपचाराचे वर्ग घेते. एकदा घड्याळ लावून बघितलं, तर एका गटाचे पहिले दहा दाब पाच सेकंदांत झाले आणि शेवटचे दहा नऊ सेकंदांत. इंग्रजीनेही काही सुटत नाही, 'ट्वेंटी-सेव्हन' तर आणखी लांब आहे.

म्हणून तीसपर्यंत सरळ जाऊच नका. एक ते दहा तीनदा म्हणा, फक्त शेवटचा आकडा बदला:

एक दोन तीन चार पाच, सा सात आठ नऊ दहा
एक दोन तीन चार पाच, सा सात आठ नऊ वीस
एक दोन तीन चार पाच, सा सात आठ नऊ तीस

सहाचा 'सा' आणि दहाचा 'धा' बोलण्यात आपण करतोच, तसाच करा. ओळीच्या शेवटी काय म्हटलं त्यावरून कुठवर आलो ते कळतं, डोक्यात वेगळं ठेवावं लागत नाही. आणि मोठ्याने म्हणा. मनात मोजणारा हमखास वेग वाढवतो, शिवाय शेजारी उभ्या असलेल्याला त्याची पाळी कधी येणार ते ऐकू येत नाही. खळ्यावर पायलीने धान्य मोजणारा पहिल्या मापाला 'लाभ' म्हणून सुरात मोजत जायचा, हात आणि तोंड एकत्र चालायचं. तेच इथे हवं.

वेग मिनिटाला 100 ते 120 दाब. हा आकडा प्रसंगी कामाचा नाही, सरावाच्या वेळी कामाचा आहे: तीन ओळी मिळून 15 ते 18 सेकंदांत संपल्या पाहिजेत. बारा सेकंदांत संपल्या तर तुम्ही धावताय, बावीस लागले तर हृदयाला पुरेसं रक्त मिळत नाही. घरी घट्ट गुंडाळलेल्या गोधडीवर सेकंदकाटा बघत चार-पाच दिवस करा, मग काटा लागत नाही.

वर्गात सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर घालवते ती गोष्ट व्हिडिओत दिसतच नाही: सोडणं. आकडा म्हणताना दाब, तोंड मिटताना पूर्ण सोड. छाती वर आली की हृदयात रक्त परत भरतं. अर्धवट सोडलं, तर पुढच्या दाबाला बाहेर ढकलायला आत रक्तच नसतं. थकलेला माणूस नकळत छातीवर टेकून राहतो. हे ओळखायची खूण म्हणजे आकडे एकमेकांना चिकटू लागतात, 'एकदोनतीन' असं ऐकू येतं. हात छातीवरून उचलायचे नाहीत, फक्त वजन काढायचं.

हात कुठे? छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. एका तळहाताचा मनगटाकडचा जाड भाग, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, खांदे बरोबर वर. मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच आत गेली पाहिजे, पण सहाच्या पुढे नको. बळ दंडातून नाही, कमरेपासून वाकून अंगाच्या वजनातून येतं. आणि माणूस जमिनीवर हवा. गादीवर दाबलं तर छातीऐवजी गादीच दबते.

आता सुरुवातीबद्दल, कारण उशीर तिथेच होतो. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात पंगतीजवळ साठीचे एक काका कोसळले. मी पोहोचले तेव्हा कोणी नाकाला कांदा लावला होता, कोणी पाणी मारत होतं, आणि त्यांचा भाऊ म्हणत होता, "थांबा हो, श्वास चालू आहे, घोरतोय तो." ते घोरणं नव्हतं. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस माशासारखा मधूनच जबडा हलवतो, एखादी घरघर येते, मग बराच वेळ काही नाही. यालाच लोक श्वास समजतात आणि हात लावत नाहीत. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्याला ती बहुतेक वेळा स्वतःचीच लागते. माझा क्रम चार शब्दांचा आहे: हाक, छाती, फोन, दाब.

हाक म्हणजे खांदे हलवून "काका, ऐकू येतंय का?". छाती म्हणजे तिच्याकडे बघत सावकाश दहापर्यंत मोजायचं, दहा सेकंदांच्या वर नाही. नीट, लागोपाठ श्वास दिसला नाही तर तो नाहीच धरा. फोन करायला समोरच्या एकाला बोट दाखवून सांगा: "निळा शर्ट, तुम्ही 108 लावा, स्पीकरवर ठेवा, आधी पत्ता सांगा." नुसतं "कोणीतरी फोन करा" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. 112 सुद्धा चालतो. एकटे असाल तर फोन स्पीकरवर लावून शेजारी ठेवा आणि दाब सुरू करा. विमानतळ, मेट्रो, मॉल अशा ठिकाणी एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, असेल तर दुसऱ्याला आणायला पिटाळा. ते यंत्र सुरू केल्यावर स्वतःच बोलतं, फक्त त्याच्या पट्ट्या छातीला चिकटवताना दाब थांबवू नका.

त्या काकांच्या दुसऱ्या ओळीतच 'कट्' असा आवाज आला. बरगडी. भावाने माझा हात धरला. मी मोजणं न थांबवता म्हटलं, "बरगडी जुळते." रुग्णवाहिकेला अकरा मिनिटं लागली, आम्ही चौघं होतो. पाळी दर दोन मिनिटांनी बदलायची असते, कारण तेवढ्या वेळात दाबणाऱ्याचा जोर कमी होतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. घड्याळ कोण बघणार? म्हणून 'तीस' आला की तिसरा माणूस एकेक बोट वाकवायचा. सातवा तीस म्हणजे 210 दाब, साधारण दोन मिनिटं. त्या तिसात पुढचा समोरच्या बाजूला गुडघ्यावर तयार बसायचा आणि 'तीस' म्हणताच लगेच 'एक' तो घ्यायचा. बदलताना एखाद-दोन आकड्यांपेक्षा जास्त खंड पडला नाही. काका तीन आठवड्यांनी घरी आले. असं दर वेळी होत नाही, माझ्या इतर दोन अनुभवांत झालं नाही.

तोंडाने श्वास द्यायचा का, हे पुढे कोणीतरी विचारेलच. शिकलेलं नसेल तर मोठ्या माणसाला नुसते दाब द्या. शिकलात तर प्रत्येक 'तीस'नंतर दोन श्वास, छाती उठलेली दिसेल इतकेच, आणि दोन्ही मिळून दहा सेकंदांच्या आत परत 'एक'. मूल असेल किंवा बुडालेला माणूस असेल तर मात्र श्वासांना महत्त्व आहे, कारण तिथे प्राणवायू आधी संपलेला असतो. तान्ह्या बाळाची पद्धत वेगळी आहे, ती बाहुलीवर हात बसवून शिका, इथे वाचून नको.

थांबायचं ते तो हलू लागला, नीट श्वास घेऊ लागला, रुग्णवाहिकेतल्या माणसांनी हातात घेतलं, किंवा तुमच्यात त्राण उरलं नाही तरच. मधेच "आता नाडी लागते का बघा" म्हणणारा एक जण गर्दीत असतोच. त्याला बोटं मोजायला बसवा.