मोबाईलवरचं लायसन्स आणि आरसी पोलीस कधी नाकारू शकतात?

प्रश्न: नाकाबंदीत मी डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवलं आणि बाबांच्या नावावरच्या गाडीच्या आरसीचा फोटो गॅलरीतून दाखवला. हवालदार म्हणाले, "मोबाईलचं चालत नाही, ओरिजिनल दाखवा." कायद्यानं नक्की काय चालतं?

लायसन्सच्या बाबतीत तुमचं बरोबर आणि हवालदारांचं चूक. आरसीच्या फोटोच्या बाबतीत मात्र हवालदार बरोबर होते. मी वाहतुकीच्या खटल्यांचं काम करते. "मी मोबाईलवर दाखवलं होतं" असं सांगणाऱ्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, मोबाईलवर म्हणजे नेमकं कुठे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 139 या बाबतीत महत्त्वाचा. गणवेशातल्या पोलिसाने किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने मागितलं की लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी वगैरे दाखवायची, असा हा नियम. नोव्हेंबर 2018 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ही कागदपत्रं कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतील, असं स्पष्ट झालं. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं होतं की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधली ही कागदपत्रं माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानावीत. तुम्ही डिजिलॉकर उघडून लायसन्स दाखवलंत, म्हणजे ते कायद्यानं सादर केलंत.

गॅलरीतला फोटो या व्याख्येत बसत नाही. फोटो कुणीही काढू शकतो, त्यात फेरफार करू शकतो, आणि तो काढल्यानंतर गाडी विकली गेली किंवा आरसी निलंबित झाली तरी फोटोत काही बदलत नाही. डिजिलॉकरमध्येसुद्धा हा फरक आहे, आणि बरेच लोक तिथेच फसतात. Issued या विभागात येतात ती कागदपत्रं सरकारी नोंदीतून थेट आलेली असतात आणि कायद्याचं संरक्षण त्यांनाच आहे. Uploaded विभागात आपण स्वतः स्कॅन करून टाकलेलं असतं; अ‍ॅप सरकारी असलं तरी त्या स्कॅनची किंमत गॅलरीतल्या फोटोइतकीच. आज घरी गेल्यावर लायसन्स कोणत्या विभागात आहे ते एकदा बघून घ्या.

आता पोलीस ओरिजिनलचा आग्रह का धरतात, तेही समजून घ्या. पूर्वी गुन्हा झाला की लायसन्स जप्त करून पावती द्यायचे. कार्ड पोलिसांकडे असलं की माणूस दंड भरायला किंवा कोर्टात यायचाच. ते एक प्रकारचं तारण होतं, आणि पडद्यावरचं लायसन्स जप्त कसं करणार, हा प्रश्न त्यातूनच येतो. नियमानं याचंही उत्तर दिलं आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत म्हटलंय की कागदपत्रांचा तपशील इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पडताळून वैध आढळला, तर तपासणीसाठी मूळ कागद मागायचा नाही, अगदी जप्ती करावी लागेल असा गुन्हा असला तरीसुद्धा. जप्तीची किंवा लायसन्सवरच्या कारवाईची नोंद पोर्टलवर होते. म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणातही "आधी कार्ड आणा" म्हणायचं कारण उरत नाही. कारवाई अर्थातच टळत नाही, आणि लायसन्स निलंबित झालं की ते नोंदीत दिसतं.

पण या नियमाची मर्यादा "पडताळून" या एका शब्दात आहे. पोलिसांनी ई-चलानच्या यंत्रात तुमचा लायसन्स नंबर टाकला आणि नोंदच सापडली नाही, तर पडताळणी झालेली नाही. मग मूळ कार्ड मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. हे मुख्यतः जुन्या पुस्तकी लायसन्सच्या बाबतीत होतं, कारण त्यातली काही सारथी या केंद्रीय नोंदीत अजून चढलेली नाहीत. तुमचं लायसन्स असं आहे का, हे नाक्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. डिजिलॉकरमध्ये नंबर टाकून बघा. नंबर बरोबर असूनही लायसन्स येत नसेल, तर दोन शक्यता असतात: नोंद चढलेली नाही, किंवा आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही. पहिल्या बाबतीत आरटीओकडे अर्ज करून नोंद चढवून घ्यावी लागते. दुसऱ्या बाबतीत कुठल्या कागदावर नाव चुकलंय ते पाहून तिथेच दुरुस्ती करायची. तोवर कार्ड जवळ ठेवा.

मुदतीचंही लक्षात असू द्या. अ‍ॅपमध्ये पूर्वी आणून ठेवलेली प्रत जुनी असू शकते, पण पोलिसांच्या यंत्रात आजची नोंद दिसते. लायसन्सचं नूतनीकरण केल्यावर अ‍ॅपमधली प्रत अद्ययावत केली नाहीत, तर जुन्या तारखेवरून उगाच वाद होतो. अशा वेळी "साहेब, नंबर टाकून बघा" हे एवढंच म्हणायचं.

तसं नाक्यावर वाद घालण्यापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडतं. "हे डिजिलॉकरमधलं आहे, नियम 139 प्रमाणे चालतं, हवं तर नंबरवरून तपासा," असं शांतपणे सांगा. स्क्रीन दाखवा, क्यूआर कोड स्कॅन करू द्या, पण उघडा फोन हातात द्यायची गरज नाही. तरीही ऐकलं नाही तर रोख पैसे देऊ नका. चलान करायचं तर ई-चलान करू द्या आणि कोणत्या कलमाखाली केलं ते नीट बघा. "लायसन्स नसताना गाडी चालवली" म्हणून कलम 181 लावलं असेल, तर त्याला 5,000 रुपये दंड आहे. ते पैसे निमूट भरू नका, कारण भरले की प्रकरण मिटलं असं धरलं जातं. त्याच दिवशी डिजिलॉकरमधली लायसन्सची प्रत उतरवून ठेवा, वैधतेच्या तारखा दिसतील अशी. चलानविरुद्ध तक्रार करताना किंवा कोर्टात उभं राहताना, त्या दिवशी तुमच्याकडे वैध लायसन्स होतं हे तीच दाखवते.

राहता राहिली बाबांची आरसी. गाडी चालवणारा मालक असलाच पाहिजे असं नियमात कुठेही नाही. त्या गाडीची आरसी दाखवता आली पाहिजे, इतकंच. पण तुमच्या डिजिलॉकरमध्ये ती येणार नाही, कारण मालकाचं नाव तुमच्या आधारशी जुळणार नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे बाबांच्या फोनवर एमपरिवहनमध्ये गाडी जोडायची आणि तिथून आरसी तुमच्या नंबरवर शेअर करायची. तशी सोय त्या अ‍ॅपमध्ये आहे. गाडी जोडताना चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे लागतात, ते मूळ आरसीवर असतात, त्यामुळे कार्ड समोर घेऊनच बसा. बाबा स्मार्टफोन वापरत नसतील तर कार्डच गाडीत ठेवा. विमा आणि पीयूसी बहुतेक वेळा गाडीच्या नंबरवरूनच यंत्रात दिसतात, पण पीयूसी नुकतीच काढली असेल तर तिची पावती काही दिवस जवळ असू द्या.