त्याच कंपनीला दुसऱ्यांदा लिहिताना

प्रिय पोरा,

परवा तू दाखवलेला मेल मी रात्री पुन्हा वाचला. साताऱ्याच्या त्या कंपनीने तुला मार्चमध्ये नकार कळवला, आता क्वालिटी इंजिनिअरची तीच जागा पुन्हा निघाली आणि तू लिहिलंस, 'आपल्या प्रतिष्ठित कंपनीतील मुलाखतीचा अनुभव माझ्यासाठी अत्यंत प्रेरणादायी होता.' अरे, हे वाक्य तू मुलाखतीला गेलाच नसतास तरी लिहिता आलं असतं! कुपवाड एमआयडीसीतला कुठलाही मुलगा ते कुठल्याही कंपनीला पाठवू शकतो. ते वाचून तिथल्या माणसांना तू कसा आठवशील?

त्या खोलीत घडलेली एक नेमकी गोष्ट लिही. मी आज हे तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी.

आणि गोष्ट तुझ्याकडे आहे. तूच मला सांगितलीस. एकूण फरकात मोजणीच्या चुकीचा हिस्सा किती, त्या आकड्याबद्दल क्वालिटी हेडने विचारलं होतं, 'गेज आर अँड आर अडतीस टक्के आला तर काय कराल?' तू म्हणालास, 'गेज बदलीन.' त्यावर ते चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, 'पण अभ्यासाचे दहा नग कुठून उचलले होते?' आणि तू गप्प झालास. हे सांगताना तुझी मान खाली गेली होती. मला मात्र तो प्रश्न ऐकून त्या माणसाबद्दल आदर वाटला. नापास करायचं असतं तर ते 'धन्यवाद' म्हणून पुढच्या प्रश्नाकडे गेले असते. त्यांनी तुला उत्तराच्या दारापर्यंत नेलं होतं.

त्यानंतर तू आपल्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये काय केलंस ते मेलमध्ये एका ओळीतही नाही, याचा मला खरोखर राग आला. बुशच्या बोअरसाठी तू अभ्यास लावलास. दहा नग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक नग तीनदा मोजायचा, आधीचं रीडिंग न बघता. पहिल्यांदा एकेचाळीस टक्के आला, कारण दहाही नग तू एकाच तासात मशीनवरून ओळीने उचलले होते. नगानगांत फरकच नव्हता, म्हणून मोजणीतली छोटी चूकसुद्धा एकूण फरकाचा मोठा हिस्सा दिसली. मग आठवडाभराच्या वेगवेगळ्या शिफ्टमधले, टूल नवा असतानाचे आणि झिजलेला असतानाचे नग घेतलेस, तेव्हा सव्वीस आला. पुढे तुझ्या लक्षात आलं की एक ऑपरेटर बोअर गेज नीट डोलवत नाही. काटा जिथून उलटा फिरतो ते रीडिंग घ्यायच्या आधीच तो आकडा सांगतो. त्याला पद्धत दाखवलीस, दर वेळी सेटिंग रिंगवर शून्य तपासायला लावलंस, आणि आकडा सतरावर आला. गेज तोच राहिला.

हीच तुझी दुसरी मुलाखत आहे, लेका. पण लिहिताना जपून लिही. एकेचाळीसवरून सव्वीस ही सुधारणा नव्हे. नग चुकीचे निवडले होते, ती निवड दुरुस्त झाली एवढंच. खरी सुधारणा सव्वीसवरून सतरा. तू 'एकेचाळीसचा सतरा केला' असं लिहिलंस तर तो माणूस पहिल्याच ओळीत पकडेल, कारण प्रश्न त्याचाच होता. आणि सतरा म्हणजे उत्तम असंही भासवू नकोस. दहाच्या आत चांगलं, दहा ते तीस कामाच्या गरजेनुसार चालवून घेण्यासारखं आणि तीसच्या वर त्या मोजणीवर भरवसा नाही, हे त्यांना पाठ आहे. टॉलरन्सशी तुलना करून काढलेला आकडाही जवळ ठेव. नग कुठून उचलले यावर तो फारसा हलत नाही, म्हणून ते तो विचारतीलच.

आता मेल. तो इंग्रजीतच जाईल, मी मजकूर मराठीत सांगतो. 'मार्चमध्ये क्वालिटी इंजिनिअर पदासाठी आपण माझी मुलाखत घेतली होती. आर अँड आरच्या प्रश्नावर नग कुठून उचलले असं आपण विचारलंत, आणि मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नामुळे मी इथे बोअर गेजचा अभ्यास नव्याने केला.' मग दोन-तीन वाक्यांत काय सापडलं ते. मग 'ही जागा पुन्हा निघाल्याचं पाहून अर्ज केला आहे' आणि अर्जाचा क्रमांक. संपलं. आभार त्यातच आले, वेगळी विशेषणं नकोत. आईवडिलांची परिस्थिती नको, 'एक संधी द्या' नको, नकाराचं कारण विचारणं तर मुळीच नको. ते विचारायचं तर नकार आला त्याच आठवड्यात, आणि तेही एकदाच.

तू विचारलंस, जुनी मुलाखत लपवली तर? कशी लपवणार? पोर्टलवर जुन्या ईमेलनेच लॉगिन कर, नवं खातं काढू नकोस. आधी अर्ज केला होता का, या रकान्यात 'हो' लिही. एचआरला तुझे दोन्ही बायोडेटा शेजारी शेजारी उघडता येतात. नोकरीच्या तारखा जुळल्या नाहीत, तर आर अँड आरपर्यंत कुणी पोचणारच नाही. नकाराच्या मेलमध्ये किती महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल ते लिहिलं आहे का, तेही बघ. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांची अट असते.

मी इतका हट्ट का धरतो, ते सांगतो. टेबलाच्या पलीकडे मी बरीच वर्षं बसलो. एकदा जागा एक होती आणि मुलगे दोन. ज्याला घेतला तो चांगला होता, पण दुसरा माझ्या मनात राहिला. कास्टिंगमधल्या ब्लो होलबद्दल तो असं बोलला होता, जणू वितळलेलं लोखंड त्याने रात्रभर पाहिलंय. पुढच्या वर्षी जागा निघाली. मी वाट पाहिली, त्याचा अर्ज आला नाही. बायको म्हणाली, तुम्हीच फोन करायचा होता. मी केला नाही, आणि आजही मला वाटतं की करायला नको होता. अर्ज न करणाऱ्याला मी बोलावलं असतं, तर अर्ज केलेल्यांना काय सांगणार होतो? तरी तो मुलगा आठवतो. त्याने ब्लो होलवरच्या आमच्या बोलण्याची एक ओळ लिहून पाठवली असती, तर मी ती घेऊन मॅनेजमेंटशी भांडलो असतो. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत 'प्रतिष्ठित कंपनी' असायची, आणि तिच्या जोरावर कुणासाठी भांडता येत नाही.

म्हणून म्हणतो, नेमकं लिही. त्या माणसाच्या हातात काहीतरी दे.

आणखी एक. मेल एचआरला पाठव आणि तो क्वालिटी हेडपर्यंत पोचवण्याची विनंती कर. त्यांचा मोबाइल नंबर तुला कुणीतरी दिलाय, त्यावर काही पाठवू नकोस. तो त्यांनी तुला दिलेला नाही. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण कर, पुन्हा नाही. त्यांनी बोलावलं तर अभ्यासाचा कागद सोबत ने, तिन्ही ऑपरेटरांच्या सगळ्या रीडिंगसह, पहिला एकेचाळीसवाला तक्तासुद्धा. तो फाडला नाहीस ना?

रविवारी सकाळी नवा मसुदा घेऊन विश्रामबागला ये. 'प्रेरणादायी' शब्द दिसला तर मी पुढे वाचणार नाही.

तुझा,
काका