बाळाचे १०.१ आणि आजोबांचे ११.६

प्रश्न : माझ्या दहा आठवड्यांच्या मुलीचे हिमोग्लोबिन १०.१ आले आहे, जन्मल्यावर ते १७.८ होते. ७४ वर्षांच्या सासऱ्यांचे ११.६ आहे. दोन्ही रिपोर्टवर ‘लो’ लिहिले आहे. घरचे म्हणतात, बाळाला लोहाचे थेंब द्या, सासऱ्यांचे वयामुळे असेल. बरोबर आहे का?

उत्तर : मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि माझ्या मते घरच्यांची काळजी चुकीच्या रिपोर्टवर खर्च होते आहे.

तुमची मुलगी पूर्ण दिवसांची असेल, तर १०.१ हा आकडा तिच्या वयाला साजेसाच आहे. गर्भात प्राणवायू कमी मिळतो म्हणून तांबड्या पेशी भरपूर तयार होतात. जन्मानंतर फुप्फुसे काम करू लागली की तांबड्या पेशी बनवायला सांगणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा, गर्भात मुख्यतः यकृतातून येणारा संदेश जवळजवळ थांबतो आणि अस्थिमज्जा काही आठवडे विसावते. त्यातच बाळाच्या तांबड्या पेशी मोठ्यांच्या पेशींपेक्षा लवकर संपतात आणि वजनाबरोबर रक्ताचे एकूण प्रमाणही वाढत जाते. त्यामुळे आठ ते बारा आठवड्यांच्या सुमारास हिमोग्लोबिन ९ ते ११ पर्यंत उतरते आणि मग आपोआप चढू लागते. ही उतरण लोहाच्या अभावाने होत नाही, जुन्या पेशींतले लोह शरीरातच साठलेले असते. म्हणून थेंबांनी ती थांबतही नाही. ‘लो’ बहुधा एवढ्यासाठीच छापले गेले की संगणकात प्रौढ स्त्रीची मर्यादा भरलेली होती. बाळ फिकट दिसत असेल, दूध ओढताना दमत असेल, वजन वाढत नसेल, कावीळ रेंगाळली असेल किंवा आकडा ९ च्या खाली गेला असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन नव्या तांबड्या पेशींची मोजणी, म्हणजे रेटिक्युलोसाइट काउंट करून घ्यावा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशोब वेगळा असतो. त्यांचे हिमोग्लोबिन अधिक लवकर आणि अधिक खाली उतरते, व त्यांना लोह द्यावेही लागते.

लहानपणी मर्यादा हळूहळू वर सरकते, वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांची मुलींपेक्षा वर जाते, आणि प्रौढ पुरुषासाठी जागतिक आरोग्य संघटना १३ ही खालची रेषा धरते. उतारवयासाठी तिने ही रेषा खाली आणलेली नाही. म्हातारपणी सरासरी थोडी घटते हे खरे, पण त्या सरासरीत आजारी माणसेही मोजलेली असतात, त्यामुळे ‘वयामुळे’ हे निदान सगळ्या तपासण्या झाल्यावरच करावे.

सासऱ्यांच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार पाहा. तो ८० च्या खाली असेल, तर लोह कमी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि या वयाच्या पुरुषात लोह कमी होणे म्हणजे पोटात किंवा आतड्यात कुठेतरी रक्त झिरपत असण्याची शंका. गोळ्यांनी आकडा सुधारला तरी ती शंका फिटत नाही. एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२ तपासावे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर विशेषच. तो मधला असला तरी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन करावेच, कारण मोठ्या माणसांत एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातून येते आणि मूत्रपिंड थकले की ते घटते. फेरिटिन ‘नॉर्मल’ आले म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका : सांधेदुखीसारखा दाह शरीरात असेल तर ते उगाच फुगलेले दिसते, म्हणून त्यासोबत दाह दाखवणारा सीआरपी मागवावा.