हलका टॉवेल आणि १/१८ ची चूक

*"दादा, टॉवेलच्या वजनाची सरासरी ५०० ग्रॅम, व्हेरियन्स १००, बाकी काही दिलेलं नाही. ४७० ग्रॅम किंवा त्याहून हलका टॉवेल निघायची प्रॉबॅबिलिटी जास्तीत जास्त किती? चेबिशेवने दोन्ही बाजू मिळून १/९ आली, म्हणून निम्मी करून १/१८ लिहिली. सरांनी कापली. नॉर्मलच्या टेबलवरून तर ०.००१३५ येते. मग बरोबर काय?"*

बरोबर उत्तर १/१०. सरांनी कापलं ते योग्यच केलं.

१/९ कुठून आली ते आधी बघ. व्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी, आणि ती इथे १०० आहे. जो टॉवेल ३० ग्रॅम किंवा जास्त सरकला, त्याचा वर्ग किमान ९००. असे टॉवेल p हिश्श्याने असतील तर नुसत्या त्यांच्याकडूनच सरासरीत किमान 900p जमा होतात, आणि एकूण तर १०० च आहेत. म्हणून p ≤ 100/900 = 1/9. बिएनेमेने १८५३ मध्ये आणि चेबिशेवने १८६७ मध्ये मांडलेली गोष्ट मुळात एवढीच.

या हिशेबात सरकलेले टॉवेल हलके की जड, याचा कुठेच उल्लेख नाही. ते सगळेच्या सगळे हलके असू शकतात. निम्मे करताना तू नकळत धरलंस की वितरण दोन्ही बाजूंना सारखं आहे. ते गणितात दिलेलं नाही.

आता आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा टेरी टॉवेलचा कारखाना डोळ्यांसमोर आण. दहा यंत्रमाग, सगळ्यांवर सारखाच माल निघतो. त्यातल्या एका मागावर लूप आखूड पडतायत, म्हणून त्याचा प्रत्येक टॉवेल ४७० ग्रॅमचा. उरलेल्या नऊ मागांचा प्रत्येकी ५०३ १/३ ग्रॅमचा. सरासरी काढ: ४७ + ४५३ = ५००. व्हेरियन्स काढ: हलक्यांकडून 900/10 = 90, बाकीच्यांकडून (100/9) × (9/10) = 10, मिळून १००. गणितात दिलेलं सगळं तंतोतंत जुळलं आणि दहातला एक टॉवेल ४७० चा निघाला. तुझ्या १/१८ ला हा एकच कारखाना खोटा पाडतो.

यापेक्षा जास्त हलके निघू शकतील का? नाही, आणि त्याची सिद्धता मला फार आवडते. टॉवेलचं वजन X आणि तूट Y = 500 − X धर. तिची सरासरी शून्य, व्हेरियन्स १००. वर्ग करण्याआधी तिच्यात एक धन संख्या c मिळव. (Y + c)² ची सरासरी 100 + c² होते. Y ≥ 30 असलेल्या प्रत्येक टॉवेलचा वर्ग किमान (30 + c)². मघाचाच युक्तिवाद पुन्हा लाव:

p ≤ (100 + c²) / (30 + c)²

c शून्य ठेवला तर जुनी १/९ मिळते. c = 3 घेतला तर 109/1089, म्हणजे साधारण ०.१००१. सर्वांत लहान किंमत c = 10/3 ला येते आणि ती नेमकी १/१० आहे. हा c म्हणजे आपल्या नऊ मागांचं सरासरीच्या वरचं ३ १/३ ग्रॅम वजन. त्यांच्यासाठी Y + c = 0, म्हणजे त्यांच्याकडून वर्गात काहीच जमा होत नाही, सगळा वाटा हलक्या टॉवेलांचा. व्हेरियन्स σ² आणि सरासरीपासूनचं अंतर t धरलं तर सर्वसाधारण रूप σ²/(σ² + t²), याला कँटेलीची असमानता म्हणतात.

टेबलवरचं ०.००१३५ चुकीचं का, तेही याच कारखान्यात दिसतं. त्या आकड्याने हजार टॉवेलांत एक-दोन हलके निघायला हवेत, इथे शंभर निघतात. वजनं नॉर्मल आहेत असं दिलेलं असेल तेव्हाच टेबल उघड. प्रत्यक्ष मालावर काम करताना वजनं मागवार वेगळी लिहून बघ. एका मागाचे आकडे बाकीच्यांपासून तुटून खाली पडत असतील तर नॉर्मल धरूच नकोस.

एक गोष्ट मात्र सांभाळ. ही मर्यादा खऱ्या सरासरी-व्हेरियन्सवर उभी आहे. त्या नऊ मागांपैकी एकाच मागाचे बारा टॉवेल तोलून व्हेरियन्स काढलास तर तो शून्य येईल आणि सूत्र सांगेल की हलका टॉवेल निघणारच नाही. सूत्राचा त्यात दोष नाही, दहावा माग तराजूवर आलाच नव्हता.

पेपरात c वाली ओळ लिही आणि खाली दहा मागांचं उदाहरण दे. पहिल्याने १/१० च्या वर जाता येत नाही हे ठरतं, दुसऱ्याने १/१० पर्यंत पोहोचता येतं हे.